ओएमसीनंतर शुष्क घनता कमी का होते, आणि ओल्या भरावावर जास्त फेऱ्या मारून उपयोग होतो का?

प्रश्न: माती साच्यात ठोकून दाबण्याच्या प्रॉक्टर चाचणीत पाणी वाढवत गेलो की ड्राय डेन्सिटी, म्हणजे शुष्क घनता, आधी वाढते आणि ओएमसीनंतर, म्हणजे ती कमाल होते त्या पाण्याच्या प्रमाणानंतर, कमी होते. पण ड्राय डेन्सिटीत पाण्याचे वजन धरतच नाहीत, मग पाण्यामुळे ती कमी का व्हावी? आणि साइटवर माती ओएमसीपेक्षा ओली असेल, तर रोलरच्या जास्त फेऱ्या मारून घनता मिळवता येईल का?

उत्तर: पाण्याचे वजन आपण वजा करतो, पण पाण्याने साच्यात अडवलेली जागा वजा करत नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर एवढ्याच वाक्यात आहे, आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यातूनच निघते. मात्र हे नुसते वाचून पटत नाही, म्हणून एका मातीच्या चाचणीचे आकडे घेऊन साच्यात नेमके काय घडते ते पाहू.

माती गाळमिश्रित चिकणमाती आहे आणि तिच्या कणांचे विशिष्ट गुरुत्व २.७० आहे. साचा १००० घन सेंमीचा, रॅमर २.६ किलोचा, पडण्याची उंची ३१० मिमी, तीन थर आणि प्रत्येक थराला २५ ठोके, म्हणजे नेहमीची हलकी कॉम्पॅक्शन चाचणी. शुष्क घनता काढण्याचे सूत्र तुम्हाला माहीत आहेच:

```
ρd = ρ / (1 + w)
```

येथे ρ ही ओल्या मातीची घनता आणि w हे पाण्याचे प्रमाण आहे. हे प्रमाण पाण्याच्या वजनाला कोरड्या मातीच्या वजनाने भागून येते, ओल्या मातीच्या वजनाने भागून नव्हे. विद्यार्थ्यांची पहिली चूक बहुधा इथेच होते. पाच साच्यांची वाचने अशी आली:

| पाणी (%) | साच्यातील ओली माती (ग्रॅम) | शुष्क घनता (ग्रॅम/घसेंमी) |
|---|---|---|
| १० | १८१५ | १.६५० |
| १३ | १९४९ | १.७२५ |
| १६ | २०६५ | १.७८० |
| १९ | २०४१ | १.७१५ |
| २२ | १९९५ | १.६३५ |

शिखर १६ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणून ओएमसी १६ टक्के आणि कमाल शुष्क घनता १.७८ धरू. बहुतेक जण इथे आलेख काढून वही मिटतात. तसे न करता प्रत्येक साच्यातील १००० घन सेंमी जागेची वाटणी करून पाहा. कोरड्या मातीचे वजन २.७० ने भागले की कणांनी व्यापलेली जागा मिळते. पाण्याचे वजन ग्रॅममध्ये जेवढे, तेवढीच त्याची जागा घन सेंमीमध्ये. उरते ती हवा.

१० टक्क्यांच्या साच्यात कणांची जागा ६११, पाण्याची १६५ आणि हवेची २२४ घन सेंमी येते. १६ टक्क्यांवर कण ६५९, पाणी २८५ आणि हवा केवळ ५६. २२ टक्क्यांवर कण ६०६, पाणी ३६० आणि हवा ३५. आता पहिला आणि शेवटचा साचा शेजारी ठेवून पाहा. दोन्हींत कणांची जागा जवळजवळ सारखी आहे आणि म्हणूनच शुष्क घनताही जवळजवळ सारखी आहे, पण उरलेल्या जागेत पहिल्या साच्यात प्रामुख्याने हवा आहे, तर शेवटच्या साच्यात जवळपास सगळे पाणीच. शुष्क घनतेचा आकडा हा फरक दाखवत नाही. तो समजून घेतल्याशिवाय कॉम्पॅक्शनचा वक्र कळला असे मी म्हणणार नाही.

आता कारणाकडे येऊ. १० टक्क्यांवरची माती हातात घेतली तर ती लहान, कठीण गोळ्यांची असते. कणांच्या सांध्यांत अडकलेल्या थोड्याशा पाण्याचा पृष्ठभाग आत वळलेला असतो आणि तो कणांना एकमेकांकडे खेचून धरतो. या खेचीला सक्शन म्हणतात. माती जितकी कोरडी, तितकी ही खेच जास्त आणि गोळे तितके कणखर. रॅमरचा ठोका पडला तरी गोळे पुरते चिरडले जात नाहीत आणि त्यांच्या मधल्या मोठ्या पोकळ्या तशाच राहतात. पाणी वाढवले की सक्शन घटते, गोळे मऊ होतात, ठोक्याखाली त्यांचा आकार बदलतो आणि ते एकमेकांत बसतात. पाणी कणांना वंगणासारखे सरकवते, असे स्पष्टीकरण अनेक ठिकाणी दिलेले असते. ते लक्षात ठेवायला सोपे आहे, पण वंगणच कारण असते तर आणखी पाण्याने आणखी फायदा व्हायला हवा होता. सक्शन आणि पोकळीतील दाब यांच्या भाषेत विचार केला की वक्राच्या दोन्ही बाजूंचा उलगडा होतो.

या कोरड्या बाजूला आणखी एक गोष्ट अनुकूल असते. पोकळ्यांतील हवा एकमेकींना जोडलेल्या वाटांनी बाहेरच्या हवेपर्यंत पोहोचलेली असते. ठोका पडला की ती या वाटांनी निघून जाते आणि कणांना जागा मिळते. म्हणून १० ते १६ टक्क्यांच्या दरम्यान साच्यातील हवा २२४ वरून ५६ घन सेंमीवर आली.

ओएमसीच्या जवळ पोहोचल्यावर या वाटा पाण्याने बंद होऊ लागतात. राहिलेली हवा सुट्या बुडबुड्यांच्या रूपाने चहूबाजूंनी पाण्यात अडकते. ठोक्याच्या क्षणभरात बारीक मातीतून ना ही हवा बाहेर पडू शकते, ना पाणी. ठोक्याचा भार मग कणांवर पडण्याऐवजी पोकळीतील पाणी आणि बुडबुडे उचलतात, आणि रॅमर उचलला की बुडबुडे पुन्हा फुगतात. आकडे हेच सांगतात: १६ टक्क्यांवर हवा ५६, १९ वर ३९, २२ वर ३५. हवा जवळपास तेवढीच राहिली, पण पाणी मात्र २८५ वरून ३६० वर गेले. साचा १००० घन सेंमीचाच आहे, त्यामुळे ही जादा जागा कणांच्या वाट्यातून जाणार हे उघड आहे. पाण्याचे वजन आपण हिशेबातून काढून टाकले तरी त्याने बळकावलेली जागा कणांना परत मिळत नाही, आणि शुष्क घनता घसरते.

प्रयोगशाळेत हे हाताला जाणवते. कोरड्या बाजूला रॅमरचा आवाज कोरडा, टणक येतो. १९ टक्क्यांच्या पुढे आवाज दबका होतो, रॅमरचा पाय मातीत रुततो, आणि एका ठिकाणी ठोका मारला की शेजारची माती साच्याच्या भिंतीलगत वर येते. घनफळ बदलत नाही, फक्त आकार बदलतो. हे दिसू लागले की वजन काट्यावर ठेवण्याआधीच समजावे की आपण शिखर ओलांडले आहे.

आता आलेखावर एक रेषा हवी, जी पुष्कळ विद्यार्थी काढतच नाहीत. त्या पाण्याच्या प्रमाणाला पोकळीत हवा मुळीच नसती तर शुष्क घनता किती आली असती, हे दाखवणारी ही झिरो एअर व्हॉइड्स लाइन. तिचे सूत्र असे, यात Gs हे कणांचे विशिष्ट गुरुत्व आणि ρw ही पाण्याची घनता:

```
ρd = Gs·ρw / (1 + w·Gs)
```

आपल्या मातीसाठी १६ टक्क्यांवर ही मर्यादा १.८८५ येते, १९ वर १.७८५ आणि २२ वर १.६९४. ही रेषा फक्त भूमितीतून आली आहे, तिला यंत्राशी किंवा कष्टांशी काही देणेघेणे नाही. हवा शून्याहून कमी होऊ शकत नाही, म्हणून कोणताही खरा बिंदू या रेषेच्या वर जाऊ शकत नाही. आपला वक्र ओल्या बाजूला तिच्या डाव्या अंगाने, थोडे अंतर राखून, जवळपास समांतर उतरतो. ते अंतर म्हणजेच अडकून राहिलेली तीन-चार टक्के हवा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर या रेषेतच आहे. जास्त फेऱ्या मारणे म्हणजे जास्त ऊर्जा देणे. जास्त ऊर्जेने वक्र कसा बदलतो हे जड चाचणीवरून कळते. तीत रॅमर ४.९ किलोचा, उंची ४५० मिमी आणि थर पाच असतात, आणि प्रति घनमीटर ऊर्जा हलक्या चाचणीच्या सुमारे साडेचार पट होते. याच मातीची जड चाचणी केली तर शिखर १३ टक्क्यांवर १.९० च्या आसपास येईल असे धरा. शिखर वर आणि डावीकडे सरकले. म्हणजे ओएमसी हा एकट्या मातीचा गुणधर्म नाही, तो माती आणि दिलेली ऊर्जा या जोडीचा आहे, आणि कोणत्या चाचणीचा हे सांगितल्याशिवाय ओएमसीचा आकडा अपुरा आहे. पण ओल्या बाजूला पाहा: दोन्ही वक्र तिथे जवळपास एकच वाट धरून उतरतात. जादा ऊर्जेचा सगळा लाभ कोरड्या बाजूला मिळतो, कारण तिथे हाकलण्याजोगी हवा शिल्लक असते.

माझ्या कामावर घडलेला एक प्रसंग सांगतो. भरावाच्या वरच्या थरांसाठी कमाल शुष्क घनतेच्या ९७ टक्के, म्हणजे १.७८ ला ०.९७ ने गुणून १.७२७ एवढी घनता हवी होती. माती हीच. रात्री पाऊस झाला होता, आणि पसरलेल्या थराचे पाणी २० टक्के भरले. कंत्राटदाराच्या माणसांनी आठ फेऱ्या मारल्या, घनता आली १.६७५. मी पोहोचलो तेव्हा सोळावी फेरी सुरू होती आणि घनता होती १.६८०. आठ फेऱ्यांचे डिझेल जाळून मिळाले ०.००५. रोलरच्या ड्रमच्या पुढे मातीची एक लाट चालत होती आणि ड्रम पुढे गेला की मागची जमीन हळूच वर येत होती. साइटवर याला पंपिंग म्हणतात. बूट दाबला तर पृष्ठभाग रबरासारखा लवे.

तिथे उभे राहून केलेला हिशेब असा. २० टक्के पाण्यावर झिरो एअर व्हॉइड्स लाइन १.७५३ येते. म्हणजे हवेचा शेवटचा बुडबुडासुद्धा निघाला तर १.७२७ मिळेल. पण प्रयोगशाळेतील ओल्या बाजूच्या साच्यांनी आधीच सांगितले आहे की या मातीत चारेक टक्के हवा अडकूनच राहते. १.७५३ मधून तेवढे कमी केले, म्हणजे ०.९६ ने गुणले, की १.६८३ उरते. रोलर तिथेच पोहोचला होता. कमाल घनतेच्या ते ९४.५ टक्के होतात आणि त्यापुढे जाण्याची वाटच नव्हती. चार टक्के हवा गृहीत धरून उलट गणित केले तर १.७२७ मिळण्यासाठी पाणी १८.५ टक्क्यांपेक्षा कमी असायला हवे. दोष ना रोलरचा होता, ना फेऱ्यांचा.

उलट जास्त फेऱ्यांनी नुकसान होते. संपृक्ततेजवळच्या चिकणमातीत प्रत्येक फेरी पोकळीतील दाब वाढवते आणि कण सपाट, समांतर थरांत वळतात. मातीची ताकद वाढायच्या ऐवजी कमी होते. शिवाय पंपिंग करणारा थर खालच्या चांगल्या थरालाही हलवतो.

मग उपाय काय? पाणी कमी करणे, एवढाच. थर उकरून डिस्क हॅरोने उलटापालटा करून उन्हावाऱ्याला मोकळा ठेवावा लागतो, किंवा कोरडी माती मिसळावी लागते, आणि वेळच नसेल तर चुना मिसळणे हा मार्ग असतो. किती पाणी घालवायचे आहे याचा अंदाज आधी घ्यावा. २० सेंमी जाडीच्या दाबलेल्या थरात दर चौरस मीटरला कोरडी माती साधारण ३४५ किलो असते. २० वरून १७ टक्क्यांवर यायचे तर तिच्या तीन टक्के, म्हणजे दर चौरस मीटरमागे दहा लिटरहून थोडे जास्त पाणी हवेत उडायला हवे. हजार चौरस मीटरच्या पट्ट्यात हे दहा हजार लिटरहून अधिक झाले. वरवर उन्हे दिली की काम झाले असे का होत नाही, हे या आकड्यावरून समजते. वरचा पापुद्रा वाळतो, खालचे १५ सेंमी तसेच ओले राहतात, आणि वरून घेतलेला नमुना खोटा दिलासा देतो. नमुना नेहमी थराच्या पूर्ण खोलीतून घ्यावा.

कोरड्या बाजूची चूक यापेक्षा फसवी असते, कारण ती चाचणीत पास होते. पाणी १२ टक्के असेल आणि रोलर वजनदार असेल, तर जास्त फेऱ्यांनी १.७२७ खरोखरच मिळू शकते. तिथे हवा १५ टक्क्यांच्या आसपास राहते, रोलर थर टणक करतो आणि सगळे समाधानी होतात. पण हा टणकपणा पुष्कळसा सक्शनचा उसना असतो. भरावात पाणी शिरले की सक्शन जाते, गोळे मऊ होतात आणि मोठ्या पोकळ्या मिटतात, म्हणजे बाहेरून भार न वाढताही थर खचतो. फुगणारी चिकणमाती असेल तर त्याऐवजी ती जास्त पाणी शोषून फुगते. शिवाय कोरड्या बाजूला दाबलेल्या मातीतून पाणी ओल्या बाजूच्या मातीपेक्षा कितीतरी पट सहज वाहते. धरणाच्या गाभ्याची माती ओएमसीपेक्षा किंचित ओली दाबतात ती याच कारणाने. चांगल्या तपशीलपत्रात म्हणूनच घनतेच्या टक्केवारीबरोबर पाण्याचीही कमाल-किमान मर्यादा दिलेली असते.

आता चुका कशा ओळखायच्या ते पाहू, कारण चाचणीचा आकडा चुकला तर वरचे सगळे गणित व्यर्थ आहे. एका अहवालात मी याच मातीसाठी पाणी १७ टक्के आणि ओली घनता २.१९ पाहिली. शुष्क घनता १.८७२ होते, म्हणजे १०५ टक्के कॉम्पॅक्शन. १०० च्या वर टक्केवारी येणे अशक्य नाही, कारण जड रोलर हलक्या चाचणीपेक्षा जास्त ऊर्जा देऊ शकतो. पण १७ टक्क्यांवर झिरो एअर व्हॉइड्स लाइन १.८५१ आहे आणि बिंदू तिच्या वर बसतो. म्हणून आकडा चुकीचा, हे जागेवर न जाताही सांगता येते. असा बिंदू दिसला की आधी खड्ड्याच्या घनफळावर संशय घ्यावा. सँड रिप्लेसमेंट चाचणीत थरातून माती काढून झालेल्या खड्ड्यात वाळू ओतून त्याचे घनफळ मोजतात; मऊ मातीतील खड्ड्याच्या भिंती वाळू ओतेपर्यंत आत झुकल्या की घनफळ कमी भरते आणि घनता फुगते. वाळूची प्रमाणित घनता जुनी असली किंवा वाळू दमट झाली असली तरी घनफळ चुकते. मातीचे विशिष्ट गुरुत्व अंदाजाने धरले असेल तर तेही तपासावे, कारण ही रेषा त्यावरच उभी आहे.

मात्र ही रेषा सगळ्या चुका पकडत नाही. ओली घनता २.०४ आणि खरे पाणी १९ टक्के असेल तर शुष्क घनता १.७१४, म्हणजे ९६.३ टक्के, नापास. तोच नमुना अर्धा तास उघड्या तबकात राहून वजनापूर्वी वाळला आणि पाणी १५ टक्के नोंदले गेले, तर शुष्क घनता १.७७४ होते, ९९.७ टक्के, उत्तम पास. हा बिंदू रेषेच्या खूप खाली असल्याने आलेखावर निर्दोष दिसतो. यावर एकच उपाय आहे: खड्ड्यातून माती काढताच ती हवाबंद डब्यात जावी आणि झाकण काट्याजवळच उघडावे.

प्रयोगशाळेतही असाच कानाडोळा होतो. एकच माती पुन्हा पुन्हा साच्यात वापरू नका, कारण आधीच दाबलेले गोळे नीट फुटत नाहीत आणि कमकुवत कण ठोक्यांनी चुरडतात, त्यामुळे वक्र सरकतो. चिकणमातीत पाणी मिसळल्यावर ती झाकून रात्रभर ठेवा. नाहीतर गोळ्यांच्या बाहेर पाणी आणि आत कोरडे, अशा मातीची तुम्ही चाचणी कराल. तिसरा थर साच्याच्या काठापेक्षा जेमतेम सहा मिमी वर यावा. साच्यावर बसवलेल्या कड्यात, म्हणजे कॉलरमध्ये, जास्त माती राहिली तर तीच ऊर्जा जास्त मातीत वाटली जाते. आणि हे सगळे बारीक कण असलेल्या मातीचे आहे. स्वच्छ वाळूत असे ठळक शिखर मिळत नाही, तिच्यासाठी सापेक्ष घनता वापरतात.

त्या भरावाचे पुढे काय झाले तेही सांगतो. थर उकरला, हॅरो दिवसभर फिरवला, दुसऱ्या दिवशी दुपारी पूर्ण खोलीच्या नमुन्यात पाणी १७ टक्के आले. त्याच रोलरने सहा फेऱ्यांत घनता १.७५ मिळाली, ९८.३ टक्के, आणि हिशेबाने हवा साडेपाच टक्क्यांच्या आत होती. ड्रमपुढची लाट सहाव्या फेरीला राहिली नव्हती.